सात मिनिटं इकडे, सात मिनिटं तिकडे

अमेरिकेतल्या एखाद्या गोदामातली सकाळी ८ ची शिफ्ट घ्या. एका कामगाराची बस त्याला अशा वेळी सोडते की तो रोज ७ वाजून ५२ मिनिटांनी पंच करतो. दुसऱ्याची बस त्याच्या मागोमाग येते, त्याचा पंच ७ वाजून ५३ मिनिटांनी पडतो. दोघंही पंच केल्या केल्या कामाला लागतात आणि संध्याकाळी एकाच ठोक्याला बाहेर पडतात. म्हणजे पहिल्याचं काम दुसऱ्यापेक्षा दिवसाला बरोबर एक मिनिट जास्त.

पगार मात्र मिनिटांवर होत नाही. कंपनीच्या संगणकात प्रत्येक पंच जवळच्या पाव तासाला नेऊन बसवला जातो. ७.५२ ही वेळ ७.४५ पासून सात मिनिटं दूर आहे आणि ८ पासून आठ, म्हणून ती मागे सरकून ७.४५ होते. ७.५३ चं उलट, ती पुढे जाऊन ८ होते. पहिल्याला रोज न केलेल्या कामाची सात मिनिटं मिळतात, दुसऱ्याची केलेल्या कामाची सात मिनिटं जातात. खरा फरक एका मिनिटाचा, पगारातला पंधरा मिनिटांचा. म्हणजे चौदा मिनिटं हवेतून आली.

महिन्याला २२ दिवस धरले तर या चौदाची ३०८ मिनिटं होतात, म्हणजे ५ तास ८ मिनिटं. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर ५८ तास २० मिनिटं. आठ तासांच्या सात शिफ्ट भरून वर थोडं उरतं, आणि हे सगळं बसच्या एका मिनिटापायी. गंमत अशी की कंपनीच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही. एकाचे अधिक सात आणि दुसऱ्याचे उणे सात मिळून शून्य होतात. हिशेबनीस शपथेवर सांगेल की पद्धत तंतोतंत न्याय्य आहे, आणि बेरजेपुरतं तो खरंच बोलत असेल.

ही पद्धत कुठल्या चलाख मालकाने परवा शोधून काढलेली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी या सराफाने १८९० मध्ये हजेरीच्या घड्याळाचं पेटंट घेतलं. पुढे त्याचा धंदा विलीन होत होत ज्या कंपनीत गेला, ती आज आयबीएम म्हणून ओळखली जाते. घड्याळ मिनिटं छापायचं, पण आठवड्याअखेरीस त्यांची बेरीज माणसाला हाताने करावी लागे. शेकडो कार्डांवरच्या ७.५२ आणि ४.३७ अशा वेळा वजा करत बसण्यापेक्षा पाव, अर्धा, पाऊण या मापात हिशेब करणं सोपं होतं. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९६१ मध्ये हा रिवाज नियमात लिहून घेतला. त्या नियमाचा आशय असा, की पाच मिनिटं, तासाचा दहावा भाग किंवा पाव तास यांच्या जवळच्या आकड्याला वेळ नेण्याची पद्धत कित्येक वर्षांची आहे. बहुधा कमीजास्त होऊन तिची सरासरी सारखीच पडते. म्हणून ती चालेल, मात्र काही काळात कामगाराला प्रत्यक्ष कामाचा पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे. हा ‘काही काळ’ महिन्याचा की वर्षाचा, आणि पूर्ण मोबदला प्रत्येकाला की सगळ्यांना मिळून, हे तिथे लिहिलेलं नाही. पुढचे सगळे खटले याच दोन मोकळ्या जागांत उभे राहिले.

आधी त्या ‘बहुधा’ची परीक्षा घेऊ.

पाव तासात पंधरा मिनिटं असतात. पंच नेमका पाव तासावर पडला तर फरक शून्य. एक ते सात मिनिटं वर असेल तर तेवढी मिनिटं मागे, आठ ते चौदा असेल तर सात ते एक मिनिट पुढे. मागे नेलेल्यांची बेरीज २८, पुढे नेलेल्यांचीही २८. लोक पाव तासातल्या कुठल्याही मिनिटाला सारख्याच शक्यतेने पंच करत असतील, तर नियमात कुणाकडेही झुकाव नाही. काही यंत्रं सेकंद सरळ टाकून देतात, त्यामुळे ७.५२.५९ सुद्धा ७.५२ च धरलं जातं. यातून प्रत्येक पंच सरासरी अर्धा मिनिट मागे सरकतो, पण येतानाचा अर्धा मिनिट कामगाराच्या पदरात पडतो आणि जातानाचा त्याच्या हातून जातो. तेही फिटलं. कागदावर ही पद्धत देखणी आहे यात वाद नाही.

आता एका माणसाचा एक महिना बघू. समजा त्याला कसलीही सवय नाही, त्याचे पंच खरोखर कसेही पडतात. एका पंचाला चूक साधारण ४ मिनिटं २० सेकंदांची होते, कधी अधिक, कधी उणे. महिन्यात असे ४४ पंच. सगळ्या चुका एकाच दिशेच्या असत्या तर १९० मिनिटं झाली असती. त्या एकमेकींना खोडतात, पण पुऱ्या खोडत नाहीत. अशा वेळी चूक ४४ पटीने वाढत नाही, ४४ च्या वर्गमुळाने वाढते. ४४ चं वर्गमूळ सुमारे ६.६, म्हणून महिन्याअखेरची नेहमीची चूक २९ मिनिटांच्या आसपास येते. शंभर कामगारांतले सुमारे ६८ जण या २९ मिनिटांच्या आत राहतील. उरलेल्या ३२ जणांचा हिशेब त्याहून जास्त चुकेल आणि त्यांतल्या पाचेक जणांचा जवळजवळ तासाभराने, काहींचा फायद्याचा, काहींचा तोट्याचा. हे सगळं कुणीही लबाडी न करता.

मग पुढच्या महिन्यात भरपाई होते का? इथे बरेच जण फसतात. गेल्या महिन्यात अर्धा तास गेला, तर या महिन्यात तो परत येईल असं नशिबाने कुणालाही लिहून दिलेलं नाही. वर्षाला ५०० पंच धरले तर नेहमीची चूक २९ मिनिटांवरून ९७ मिनिटांवर जाते. ती कमी झाली नाही, तिपटीहून वाढली. कमी झालं ते तिचं प्रमाण: महिन्याच्या कामात ती हजारात पावणेतीन मिनिटं होती, वर्षाच्या कामात हजारात एक मिनिटही नाही. सरासरी सारखी पडते याचा अर्थ इतकाच, की चूक एकूण कामाच्या तुलनेत लहान होत जाते. बुडालेली मिनिटं परत येतात असा तो अर्थ नाही. मालक टक्क्यांत बोलतो, कामगाराला मात्र पगार मिनिटांचा मिळतो.

इथपर्यंत आपण माणसं फाशासारखी पडतात असं धरलं. माणसं तशी पडत नाहीत. शिफ्ट ८ ची असेल तर ती ८ च्या आधी येतात, कारण ८.०१ ला आलेल्याला जाब विचारला जातो. आणि हाच या पद्धतीचा खरा सांधा आहे. एकाच यंत्रात दोन घड्याळं चालू असतात. पगाराचं घड्याळ पाव तास मोजतं, शिस्तीचं घड्याळ मिनिट मोजतं. ८.०५ ला आलेल्या माणसाला पगाराचं घड्याळ माफ करतं, त्याची वेळ ८ लावतं आणि पाच मिनिटं त्याला फुकट मिळतात. पण शिस्तीचं घड्याळ त्याच पंचावर ‘पाच मिनिटं उशीर’ असा शेरा मारतं, आणि असे शेरे साठले की नोकरीवर येतं. साहजिकच ८.०५ ला कुणी येत नाही.

संध्याकाळीही तेच. सुट्टी ४.३० ला असेल तर ४.२५ ला पंच करून पाच मिनिटं कमावता येतील, पण सुट्टीआधी गेट सोडायची मुभा नाही. उलट ४.३३ ला, हातातलं खोकं जागेवर ठेवून निघालेल्याची तीन मिनिटं आपोआप कापली जातात. या राउंडिंगमध्ये कामगाराच्या फायद्याच्या दोन वाटा आहेत, उशिरा येणं आणि लवकर जाणं. तोट्याच्याही दोन, लवकर येणं आणि उशिरा जाणं. नियमाने चारही वाटा उघड्या ठेवल्या आणि शिस्तीने पहिल्या दोन बंद केल्या. काही ठिकाणी शिफ्टच्या आधी सात मिनिटांपर्यंतच पंच घेण्याची सोय असते. ती ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण त्या खिडकीतला शून्य सोडून प्रत्येक पंच पुढेच सरकतो, मागे एकही नाही.

रोज ७.५६ ला येऊन ४.३३ ला जाणाऱ्याची चार आणि तीन अशी सात मिनिटं जातात. महिन्याला १५४ मिनिटं, म्हणजे अडीच तासांहून थोडं जास्त. इथे वर्गमूळ मदतीला येत नाही, कारण खोडायला उलट चिन्हाचं काही नसतंच.

मालकाची बाजूही ऐकायला हवी, ती पोकळ नाही. अमेरिकेचा नियमच म्हणतो, की कामगार आपणहून लवकर आला आणि त्या वेळात त्याने काम केलं नाही, तर त्या मिनिटांचे पैसे देणं नाही. पंच करून कॅन्टीनमध्ये कॉफी पीत बसलेल्याची चार मिनिटं कापली तर अन्याय म्हणता येणार नाही. पण मग ती चार मिनिटं कापली जावीत कॉफीमुळे, राउंडिंगमुळे नव्हे. पाव तासाच्या नियमाला कॉफी आणि काम यांतला फरक कळत नाही.

आता या मिनिटांना थोडं मोठं करून बघू. सात नको, दिवसाला फक्त एक मिनिटाचा झुकाव धरा. एका कामगाराला महिन्याला २२ मिनिटं. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, त्या दराने २ डॉलर ६६ सेंट. कुणी यासाठी साहेबाच्या केबिनचं दार वाजवणार नाही. वाजवलं तरी सिद्ध काय करणार? योगायोगाचीच चूक महिन्याला २९ मिनिटांची असते, त्या गोंगाटात २२ मिनिटं ऐकूसुद्धा येत नाहीत. एक महिन्याचा हजेरीपट समोर ठेवून जगातला कुठलाही संख्याशास्त्रज्ञ या एका माणसाला सांगू शकत नाही, की तुला नशिबाने मारलं की नियमाने.

हेच गणित एक लाख कामगारांच्या कंपनीत मांडा. तिथे एक मिनिटाच्या झुकावाने महिन्याला ३६,६६६ तास गोळा होतात, किमान वेतनाने मोजले तरी सुमारे २ लाख ६६ हजार डॉलर. वर्षाला ३२ लाख डॉलरच्या घरात. आणि योगायोगाची चूक? ती एक लाखाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३१६ पटीने वाढते आणि सगळ्या कंपनीची मिळून १५० तासांच्या आसपास थांबते. आकडे शेजारी ठेवून बघा. त्या महिन्यात एकूण काम झालं १ कोटी ७६ लाख तास. पद्धत खरोखर निःपक्ष असेल तर एवढ्या डोंगरात दीडशे, फार तर तीनशे-चारशे तास इकडेतिकडे व्हावेत. छत्तीस हजार तास एकाच बाजूला पडले असतील, तर ‘सरासरी सारखी पडते’ हे वाक्य तिथेच खोटं ठरतं, तेही पहिल्याच महिन्यात.

म्हणजे जो झुकाव कामगाराला महिनाभरात दिसत नाही, तो कंपनीला त्याच तीस दिवसांत दिसू शकतो. दोघांकडे पंच तेच आहेत. फक्त कामगाराकडे स्वतःचे ४४ आहेत आणि कंपनीकडे ४४ लाख. मला या विषयातलं सगळ्यात मोठं विषम माप हेच वाटतं, पाव तासाचं नव्हे.

न्यायालयांत या दोन मापांची ओढाताण चांगलीच दिसते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे टाइम वॉर्नरच्या कॉल सेंटरमधल्या एका कर्मचाऱ्याचा दावा आला. निकालपत्राच्या सुरुवातीलाच न्यायाधीशांनी सांगून टाकलं, की सगळा मामला १५ डॉलर २ सेंट आणि एका मिनिटाचा आहे. पंधरा डॉलर पाव तासाच्या राउंडिंगमध्ये गेलेले, आणि ते एक मिनिट पंच करण्याआधी संगणकावर काम सुरू केल्याचं. कर्मचारी हरला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की राउंडिंगमध्ये प्रत्येकाचा हिशेब प्रत्येक वेळी शून्यावर यावा असा हट्ट धरला तर राउंडिंगच उरणार नाही. नियम दिसायला आणि वापरायला दोन्ही बाजूंना सारखा असला की पुरे.

२०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका अपील न्यायालयाने होम डेपोच्या खटल्यात वेगळा सूर लावला. तिथे येण्याजाण्याचे पंच नव्हे, तर दिवसाच्या एकूण वेळेचं पाव तासाला राउंडिंग होत होतं. एका कामगाराची साडेचार वर्षांत ४७० मिनिटं गेली. आकडा क्षुल्लक दिसतो, पण आपल्या वर्गमुळाने तपासून बघा. साडेचार वर्षं म्हणजे ५४ महिने, दरमहा नऊ मिनिटांहूनही कमी. दिवसाला एकच राउंडिंग असल्याने योगायोगाची महिन्याची चूक २० मिनिटांची, म्हणजे कुठल्याही एका महिन्यात हे नऊ मिनिटांचं गळणं दिसण्याजोगं नाही. पण तो महिन्याला २२ दिवस कामावर होता असं धरलं, तर ५४ महिन्यांत योगायोगाची चूक १५० मिनिटांपर्यंतच पोचते. ४७० तिच्या तिप्पट आहेत. निव्वळ नशिबाने इतकं किंवा याहून जास्त बुडण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. (दिवस कमी भरले असतील तर शक्यता आणखीच घटते.) न्यायालयाने मात्र या शक्यतेच्या वाटेला जाण्याऐवजी साधा प्रश्न विचारला: तुमच्या यंत्राने मिनिटामिनिटाची नोंद केलीच आहे, तर मग केलेल्या मिनिटांचे पैसे का देत नाही? इतरांना जास्त मिळालं म्हणून याचं फिटलं, हे उत्तर तिथे चाललं नाही. प्रकरण पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेलं.

त्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये जेवणाच्या सुट्टीपुरता निकाल आधीच लावला होता. एएमएन सर्व्हिसेस या कंपनीत राउंडिंग दहा मिनिटांचं होतं. ११.०२ ला जेवायला उठून ११.२५ ला परतलेल्याच्या नोंदीत ११ आणि ११.३० लागायचं. माणूस २३ मिनिटांत जेवला, कागदावर ३० मिनिटं जेवला. कॅलिफोर्नियात अर्ध्या तासाची सुट्टी पुरी न मिळाल्यास मालकाला एका तासाचा जादा पगार द्यावा लागतो, आणि राउंडिंगने ते उल्लंघनच पुसून टाकलं. सुट्टीतून गेलेल्या सात मिनिटांची भरपाई उद्याच्या सात मिनिटांनी होत नाही, असं न्यायालयाने मानलं. बरोबरच आहे, आज उपाशी उठलेल्याला उद्या दुप्पट वाढून काय उपयोग.

आपल्याकडे पाव तासाच्या राउंडिंगपेक्षा लेटमार्क जास्त ओळखीचा. पुण्या-मुंबईतल्या अनेक कचेऱ्यांत दहा-पंधरा मिनिटांची सवलत, त्यापुढे लेटमार्क आणि तीन लेटमार्कांना अर्धी रजा, असा शिरस्ता आहे. या पद्धतीत सरासरी सारखी पडेल असं म्हणायचीही सोय नाही, कारण उशिराची मिनिटं मोजली जातात आणि संध्याकाळी थांबलेली मोजली जात नाहीत. समजा तीन दिवशी मिळून एक तास उशीर झाला आणि चार तासांची रजा गेली, तर तो चौपट दर झाला.

या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या १९६१ च्या नियमापेक्षा काटेकोर आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने गैरहजेरीच्या कपातीला एक हद्द घातली आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही ती ठेवली: माणूस जेवढा वेळ गैरहजर, त्या प्रमाणातच पगार कापता येईल, त्याहून जास्त नाही. आठ मिनिटं उशीर झाल्यावर पंधरा मिनिटं कापणं या प्रमाणात बसत नाही. महिनाअखेरीस सगळं फिटतं, हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही, कारण कपात त्या माणसाच्या त्या गैरहजेरीशी जोडलेली आहे, कारखान्याच्या बेरजेशी नाही.

तेव्हा हजेरीपट हातात आला, तर लावलेली वेळ बघून थांबू नका, मूळ पंचाची वेळ मागा. दोन्हींतला फरक मिनिटांत, मिळालेली मिनिटं अधिक आणि गेलेली उणे धरून, सलग सहा महिने लिहा. एकट्याच्या एका महिन्यावरून काही म्हणू नका, तो बोलत नाही. शेजारच्या वीस-पंचवीस जणांचे कागद एकत्र करा. त्यांत उणे चिन्हंच जास्त दिसू लागली, तर तो कागद घेऊन केबिनमध्ये जा आणि कंपनीकडची सगळ्यांची बेरीज दाखवा म्हणा.